कार्डं, पावलं आणि क्रम

संगणकाला हात न लावता अल्गोरिदम शिकवायचा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा चहाचा पाठ होतो. पाणी ठेवा, साखर घाला, पावडर घाला, उकळी येऊ द्या, गाळा अशी पाच-सहा कार्डं उलटसुलट करून गटांना देतात. मुलं ती नीट लावतात आणि फळ्यावर व्याख्या येते: अल्गोरिदम म्हणजे पायऱ्यांचा क्रम. चहाऐवजी दात घासणं असतं, रोप लावणं असतं, पण साचा तोच. या पाठानं मुलांच्या हाती फारसं काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मुलीनं घरी चहा केला आहे ती कार्डं बरोबर लावते, जिनं केला नाही ती चुकते, आणि दोघींच्या उत्तरांतून कळतो तो त्यांचा स्वयंपाकघराशी असलेला परिचय. साखर आधी टाकली काय किंवा पावडर आधी टाकली काय, चहा होतोच. बाईंच्या उत्तरात मात्र एकच क्रम बरोबर असतो. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ती कार्डं कुणीच पाळत नाही. क्रम चुकला तर काय बिघडतं हे कुणाच्या डोळ्यांसमोर घडत नाही.

चहाच्या पाठापासून सुरुवात केली, कारण तो का फसतो हे समजलं की या सगळ्या क्षेत्राकडे पाहायला एक मोजपट्टी मिळते. कार्डं आणि शरीराची हालचाल वापरणारा कोणताही पाठ घ्या आणि एकच प्रश्न विचारा: सूचना पाळणाऱ्याला स्वतःचं डोकं वापरायची मुभा आहे का? मुभा असेल तर तो चुकीच्या सूचनाही सांभाळून घेईल आणि सूचना लिहिणाऱ्याला आपली चूक दिसणारच नाही. मुभा काढून घेतली, तर यादीतली प्रत्येक उणीव जमिनीवर उघडी पडेल. गेल्या तीस वर्षांत या पद्धतीत जे टिकलं ते याच कसोटीवर टिकलं आहे. उच्च प्राथमिकच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गापुरता मी त्याचा आढावा घेतो आहे.

या विचाराची मुळं दोन ठिकाणी आहेत. पहिलं सीमोर पॅपर्ट यांच्याकडे. १९६७ साली वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत त्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. लोगोमधलं कासव ‘इतकं पुढे जा, इतक्या अंशांत वळ’ एवढंच जाणतं. कासवाकडून आकृती काढून घेताना मूल अडलं, तर त्यानं उठून स्वतः कासवासारखं चालून पाहावं, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला. आपल्या शरीराची चाल मुलाला आधीच ठाऊक असते, त्या ठाऊक असलेल्या गोष्टीवरून भूमितीकडे आणि आज्ञांकडे जाता येतं, हा त्यामागचा विचार. दुसरं मूळ न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं. कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्याबरोबर ‘कम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ हा उपक्रमसंग्रह तयार केला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो शिक्षकांच्या हाती आला. ठिपक्यांच्या कार्डांवरून द्विमान संख्या, तराजूवरून क्रमवारी, जमिनीवर खडूनं आखलेलं क्रमवारीचं जाळं हे सगळं तिथून जगभर गेलं. अनप्लग्ड हे नाव या संग्रहामुळे रूढ झालं.

आज वर्गात जे दिसतं त्याचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात. एकात कार्डांची यादी असते आणि एक मूल रोबो होऊन ती चालतं. दुसऱ्यात बरीच मुलं आकडे घेऊन ठरलेल्या नियमानं जागा बदलतात आणि शेवटी लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लागते. पहिल्यात सूचनांचा क्रम शिकवता येतो. दुसऱ्यात क्रम कुठे महत्त्वाचा असतो आणि कुठे नसतो, हेही शिकवता येतं. त्यामुळे सहावीच्या पुढे दुसऱ्या प्रकारावर जास्त वेळ द्यायला हवा. प्रत्यक्षात वेळ जातो तो पहिल्यावर.

रोबोच्या पाठासाठी पाच गुणिले पाच घरांची चौकट लागते. शहाबादी फरशीचा व्हरांडा असेल तर आखायचीही गरज नाही, एक फरशी म्हणजे एक घर. कार्डं चारच प्रकारची: ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’, ‘उचल’. ‘पुढे’ म्हणजे तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेनं एक घर. ‘वळ’ म्हणजे त्याच घरात उभं राहून पाव फेरी, पाऊल पुढे टाकायचं नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ही कार्डं छान होतात. रोबो खालच्या डाव्या कोपऱ्यात, पहिल्या रांगेतल्या पहिल्या घरात, तोंड समोर करून उभा आहे. चेंडू तिसऱ्या स्तंभातल्या चौथ्या रांगेत आहे. एक बरोबर यादी अशी होते: पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, उचल. सात कार्डं.

आता चुका पाहू, कारण पाठ खरा तिथेच आहे. पुष्कळ मुलं सुरुवातीचं घर पहिलं पाऊल म्हणून मोजतात. त्यांच्या यादीत ‘पुढे’ चार वेळा येतं आणि रोबो पाचव्या रांगेत पोचतो. काही मुलांना ‘उजवीकडे वळ’ म्हणजे ‘उजवीकडच्या घरात सरक’ असं वाटतं. दोन घरं उजवीकडे जायचं म्हणून ती हे कार्ड दोनदा ठेवतात. अशी यादी नियमानं चालवली तर रोबो पहिल्याच स्तंभात चौथ्या रांगेत दोनदा वळतो, आला त्या दिशेला तोंड करतो आणि रिकाम्या फरशीवरून काहीतरी उचलायला वाकतो. तिसरी चूक क्रमाची: सातही कार्डं बरोबर, पण वळण एक जागा आधी. पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, पुढे, उचल. ही यादी रोबोला चौथ्या स्तंभातल्या तिसऱ्या रांगेत नेते. म्हणजे रोबो कुठे थांबला यावरून कोणती चूक झाली हे बरंचसं ओळखता येतं. शिक्षकानं या तीन जागा आधीच वहीत टिपून ठेवल्या, तर आठ गटांपैकी कोण कशात अडलं आहे हे व्हरांड्यातून एक फेरी मारतानाच कळतं.

पण हे सगळं घडतं ते रोबो झालेलं मूल गप्प राहून नियम पाळेल तेव्हाच. आणि ते पाळत नाही. मैत्रिणीची यादी चुकते आहे असं दिसताच रोबो झालेली मुलगी अर्धं पाऊल सरकते, वळण मनानंच दुरुस्त करते, चेंडू गाठते, आणि टाळ्या पडतात. तिनं फसवलेलं नसतं. माणसाला सूचनेमागचा हेतू कळतो आणि तो हेतूच पाळतो, एवढंच. म्हणून मांडणी बदलावी लागते. यादी पूर्ण होईपर्यंत रोबो झालेल्या मुलानं चौकटीकडे पाठ करून उभं राहायचं. चेंडू फरशीवर ठेवायचाच नाही, त्याची जागा कागदावर फक्त यादी करणाऱ्या गटाला ठाऊक असावी. कार्ड वाचणारा वेगळा, चालणारा वेगळा, आणि तिसरा एक तपासनीस. हा तपासनीस प्रत्येक कार्डानंतर रोबो कोणत्या घरात आहे आणि त्याचं तोंड कुठे आहे हे वहीत लिहितो. या वहीमुळे चूक शोधायला परत सुरुवातीपासून चालावं लागत नाही. अपेक्षित जागा आणि झालेली जागा जिथे पहिल्यांदा वेगळी होते त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि तेवढंच कार्ड बदलायचं. मुलांची स्वाभाविक ओढ सगळी कार्डं गोळा करून नव्यानं मांडण्याकडे असते. ती थोपवली नाही तर दुरुस्ती हा भाग पाठातून पूर्णपणे निसटतो.

डाव्या-उजव्याचा गोंधळ इथे हमखास होतो. समोर बसून यादी करणाऱ्यांचं उजवं आणि रोबोचं उजवं वेगळं असतं. पॅपर्ट यांचा उपाय आजही सर्वांत चांगला आहे: यादी करणाऱ्यानं उठून रोबोच्या मागे, त्याच दिशेला तोंड करून उभं राहावं आणि आपला हात उचलून पाहावा.

याच चेंडूसाठी दुसरीही बरोबर यादी आहे: आधी उजवीकडे वळायचं, दोन घरं जायचं, डावीकडे वळायचं, तीन घरं जायचं आणि उचलायचं. ही आठ कार्डांची होते, कारण तिच्यात एक वळण जास्त आहे. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी लिहिल्या तर एकाच कामासाठी एकाहून जास्त अल्गोरिदम असतात आणि त्यांची लांबी वेगळी असू शकते, हे वेगळं सांगावं लागत नाही. उत्तरपत्रिकेत एकच यादी छापणारी पुस्तिका ही संधी घालवते.

पुढची पायरी पुनरावृत्तीची. ‘४ वेळा’ असं एक कार्ड द्यायचं आणि दोन घरांच्या बाजूचा चौरस चालून यायला सांगायचं. ‘४ वेळा, पुढे, पुढे, उजवीकडे वळ’ अशी यादी मुलं चटकन करतात. मग रोबोनं विचारावं, चार वेळा नेमकं काय? फक्त लगेचचं कार्ड चार वेळा घेतलं, तर रोबो सरळ पाच घरं चालतो, चौकटीबाहेर जातो आणि तिथे एकदाच वळतो. तिन्ही कार्डं घेतली तर चौरस पूर्ण होतो. पुनरावृत्ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे लिहावं लागतं, ही गोष्ट मुलांना या एका फसलेल्या चालीतून कळते. उपाय सोपा आहे: ज्या कार्डांची पुनरावृत्ती करायची त्यांच्याभोवती दोऱ्याचं रिंगण घालायचं. पुढे स्क्रॅचमध्ये ‘पुन्हा करा’चा ठोकळा आपल्या पोटात इतर ठोकळे घेतो, तेव्हा ते रिंगण मुलांच्या ओळखीचं असतं.

आता दुसरा प्रकार, क्रमवारीचा. ‘उंचीप्रमाणे रांगेत उभे राहा’ हा खेळ बऱ्याच प्रशिक्षणांत क्रमवारीचा अल्गोरिदम म्हणून घेतला जातो. तोही माझ्या मोजपट्टीवर उतरत नाही. पंधरा मुलं एका नजरेत सगळ्यांची उंची पाहतात, ढकलत-ओढत सेकंदात रांग करतात, आणि कशी केली विचारलं तर ‘बघून’ म्हणतात. हे उत्तर खरंच असतं. संगणकाला असं सगळं एकदम दिसत नाही. तो एका वेळी दोन गोष्टींची तुलना करतो. म्हणून बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांकडून नजर काढून घेतली. बाहेरून सारखे दिसणारे आठ डबे, आत वाळूचं वेगवेगळं वजन, आणि एक साधा तराजू. एका वेळी दोनच डबे तोलायचे. सर्वांत हलका शोधून बाजूला काढायचा, उरलेल्यांतला सर्वांत हलका शोधायचा, असं करत गेलं तर सात, सहा, पाच असं कमी होत एकूण अठ्ठावीस वेळा तोलावं लागतं. त्याऐवजी कोणताही एक डबा घेऊन बाकीच्यांचे त्याच्याहून हलके आणि त्याच्याहून जड असे दोन ढीग केले आणि प्रत्येक ढिगात पुन्हा तेच केलं, तर सरासरीनं सुमारे सतरा तोलण्यांत काम होतं. नशीब वाईट असेल, प्रत्येक वेळी निवडलेला डबा सर्वांत हलका किंवा सर्वांत जडच निघाला, तर पुन्हा अठ्ठावीस. म्हणून एका गटाचा एकच आकडा घेऊन निष्कर्ष काढू नये. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडावेत.

शरीराच्या हालचालीचं खरं काम दिसतं ते जमिनीवरच्या जाळ्यात. मूळ संग्रहात सहा मुलांचं जाळं आहे. सहा जणांसाठी किमान बारा भेटी लागतात आणि त्या पाच फेऱ्यांत बसवता येतात. पहिल्यांदा शिकवताना मात्र चार मुलांचं जाळं घ्यावं, ते एका तासात पूर्ण समजून घेता येतं. जमिनीवर चार समांतर रेघा आखायच्या, डावीकडून १, २, ३, ४. दोन मुलं जिथे भेटणार तिथे वर्तुळ. भेटीचा नियम एकच: दोघांनी आपापली कार्डं एकमेकांना दाखवायची, लहान आकडा डावीकडच्या रेघेवरून बाहेर पडतो, मोठा उजवीकडच्या. एरवी कार्ड छातीशी उलटं धरायचं, कुणाला दिसता कामा नये. पहिल्या फेरीत १ आणि २ या रेघांवरची मुलं भेटतात, त्याच वेळी ३ आणि ४ वरची. दुसऱ्या फेरीत १ आणि ३, तसंच २ आणि ४. तिसऱ्या फेरीत फक्त २ आणि ३. एकूण पाच भेटी.

समजा मुलं ७, ९, १, ३ अशी उभी राहिली. पहिल्या फेरीत ७ आणि ९ आपल्या जागी राहतात, १ आणि ३ ही राहतात. दुसऱ्या फेरीत ७ आणि १ भेटतात, १ डावीकडे जातो. ९ आणि ३ भेटतात, ३ डावीकडे जातो. आता रांग १, ३, ७, ९. तिसऱ्या फेरीत ३ आणि ७ भेटून तसेच पुढे जातात. रांग लागली, आणि कुणालाही सगळी रांग पाहावी लागली नाही.

हे का जमतं तेही मुलांना सांगता येतं, आणि सांगावंच. पहिल्या फेरीनंतर १ आणि ३ या रेघांवर आपापल्या जोडीतले लहान असतात. दुसऱ्या फेरीत ते दोघे भेटतात, म्हणून चौघांतला सर्वांत लहान रेघ १ वर येतोच. तसाच सर्वांत मोठा रेघ ४ वर जातो. उरतात मधले दोघे, त्यांचा निकाल तिसऱ्या फेरीत लागतो.

यानंतरचा प्रयोग मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच वेळेअभावी गाळला जातो. मुलांनी तेच जाळं दुसऱ्या टोकाकडून चालायचं. रेघांचे क्रमांक तेच, पाचही भेटी त्याच, नियम तोच, फक्त फेऱ्यांचा क्रम उलटा. पुन्हा ७, ९, १, ३. आधी रेघ २ आणि ३ भेटतात: ९ आणि १ जागा बदलतात, रांग होते ७, १, ९, ३. मग १ आणि ३ वर ७ आणि ९ भेटतात, काही बदलत नाही. २ आणि ४ वर १ आणि ३ भेटतात, तिथेही बदल नाही. शेवटी १ आणि २ वरचे ७ आणि १ जागा बदलतात, ३ आणि ४ वरचे ९ आणि ३ बदलतात. हाती येतं १, ७, ३, ९. रांग लागली नाही. कोणीही चुकलं नाही, प्रत्येक भेट नियमानं झाली, तरी उत्तर चूक आलं. क्रम चुकणं म्हणजे काय, हे चहाच्या कार्डांना जे कधीच दाखवता येत नाही, ते इथे चार मुलांच्या पायांखाली घडतं.

त्यालाच जोडून दुसरा प्रश्न विचारावा: पहिल्या फेरीतल्या दोन भेटींपैकी आधी कोणती करायची? मुलं करून पाहतात आणि त्यांना दिसतं की काही फरक पडत नाही, कारण त्या दोन भेटींत एकही मूल सामायिक नाही. जिथे एका पायरीचं उत्तर दुसरीला लागतं तिथे क्रम पाळावा लागतो, जिथे लागत नाही तिथे दोन्ही एकाच वेळी करता येतात. सातवीतल्या मुलाला एवढं उमगलं तर समांतर गणनेचा पाया घातला गेला.

जाळं सगळ्या मांडण्यांना चालतं हे कसं तपासायचं, असं एखादी मुलगी विचारेलच. चार वेगळ्या आकड्यांच्या चोवीस मांडण्या होतात. पण एक सुंदर सिद्धांत आहे: फक्त ० आणि १ अशी दोनच प्रकारची कार्डं वापरून होणाऱ्या सगळ्या मांडण्या ज्या जाळ्यातून नीट लागतात, त्यातून कोणतेही आकडे नीट लागतात. चार रेघांसाठी अशा मांडण्या सोळा. सोळाही चालून तपासणं एका तासात होतं. उलट्या जाळ्यात १, १, ०, ० ही मांडणी फसते. ७, ९, १, ३ याच साच्यातली आहे.

जाळ्यात बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. लवकर पोचलेलं मूल जोडीदाराची वाट न पाहता पुढे निघतं, मग मागून आलेल्याला भेटायला कुणी उरत नाही. ‘भेट झाल्याशिवाय वर्तुळ सोडायचं नाही’ हा नियम मोठ्यानं म्हणून घ्यावा. दुसरं, डावं-उजवं पुन्हा. प्रत्येक वर्तुळातून निघणारी लहान आकड्याची रेघ रंगीत खडूनं काढली की हा घोळ जवळजवळ संपतो. तिसरं, मुलं कार्डं आधीच एकमेकांना दाखवतात आणि आपण कुठे पोचायला हवं हे ओळखून तिकडे सरकतात. हे ओळखायची खूण सोपी आहे: ७, ९, १, ३ या मांडणीची उलट्या जाळ्यातूनही रांग बरोबर लागली, तर मुलं नियम पाळत नाहीत, उत्तराकडे चालत आहेत.

नाचातून अल्गोरिदम दाखवण्याचा प्रयोगही याच कुळातला. रोमानियातल्या तर्गू मुरेश इथल्या सापिएंतिया विद्यापीठात झोल्तान काताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अल्गोरिदमिक्स’ या नावानं ट्रान्सिल्व्हेनियातल्या लोकनृत्यांवर क्रमवारीच्या पद्धती बसवल्या. बबल सॉर्टला हंगेरियन चांगो नृत्य मिळालं. छातीवर आकडे लावलेले नर्तक दोघे-दोघे समोर येतात, तुलनेची एक चाल करतात, हवी तर जागा बदलतात. चित्रफिती देखण्या आहेत आणि तुलना व अदलाबदल या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे त्यांतून स्वच्छ दिसतं. मात्र पाहणं आणि करणं यांत फरक आहे. चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता पुढे कोणती जोडी?’ असं विचारलं तरच ती पाठाला उपयोगी पडते.

हे सारं चालतं का, यावरच्या अभ्यासांकडे वळू. इस्राएलमध्ये टाउब, बेन-आरी आणि आर्मोनी यांनी २००९ साली असे उपक्रम केलेल्या माध्यमिक वयाच्या मुलांची मतं तपासली. संगणकशास्त्राबद्दलच्या कल्पना काही अंशी बदलल्या होत्या, पण खेळलेला खेळ आणि त्यामागची संकल्पना यांची सांगड पुष्कळांना घालता आली नव्हती. जर्मनीत थीस आणि फारेनहोल्ड यांना २०१३ साली असं आढळलं की ही पद्धत नेहमीच्या शिकवण्याइतकीच परिणामकारक ठरते. स्पेनमध्ये ब्राकमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला. संगणकाविना उपक्रम केलेल्या गटाची संगणकीय विचारांच्या चाचणीतली प्रगती तुलनेच्या गटापेक्षा चांगली होती. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये फेलिएना हर्मन्स आणि एफ्थिमिया ऐवालोग्लू यांनी पस्तीस मुलांचे दोन गट केले. एका गटानं आठही आठवडे स्क्रॅच केलं, दुसऱ्यानं आधी चार आठवडे संगणकाविना उपक्रम आणि मग चार आठवडे स्क्रॅच. शेवटी संकल्पनांच्या आकलनात दोघांत फरक दिसला नाही. मात्र दुसऱ्या गटाचा आत्मविश्वास जास्त होता आणि त्यांनी स्क्रॅचचे जास्त प्रकारचे ठोकळे वापरले. म्हणजे निम्मा वेळ पडद्याशिवाय घालवून ती मुलं मागे पडली नाहीत.

या अभ्यासांतले गट लहान आहेत आणि प्रत्येक ठिकाणचे उपक्रम वेगळे. त्यामुळे ‘अनप्लग्ड चालतं’ असं सरसकट विधान मी करणार नाही. इस्राएलच्या निष्कर्षातली फट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. तिचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण पॉल कर्झन, जेन वेट, कार्ल मेटन आणि जेम्स डॉनहू यांनी २०२० साली दिलं. चांगला पाठ आधी संकल्पनेचं नाव घेतो, मग ती अंगणातल्या ओळखीच्या गोष्टीत उतरवतो, आणि शेवटी तिथून परत संकल्पनेकडे चढतो. बहुतेक फसलेले पाठ उतरतात आणि खालीच राहतात. घंटा होते, मुलं हात धुवायला पळतात, आणि आपण चाललो तो अल्गोरिदम होता, वर्तुळ म्हणजे तुलना होती, तपासनिसाची वही म्हणजे प्रोग्रामचा माग होता, हे सांगायचं राहून जातं. चाळीस मिनिटांच्या तासात हालचाल पंचवीस मिनिटांवर थांबवून उरलेला वेळ वर्गात बसून या जोडणीला द्यावा, असं मी सुचवीन.

आपल्याकडे या पद्धतीला पाठबळ मिळालं ते एसीएम इंडियाच्या सीएसपाठशाला या २०१६ साली सुरू झालेल्या उपक्रमातून. शाळेत संगणक नसला तरी संगणकीय विचार शिकवता यावा अशा पाठयोजना त्यांनी केल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं गेल्यापासून मागणी वाढली आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या टप्प्यावर एका शिक्षकामागे पस्तीस मुलं अपेक्षित आहेत. त्या हिशोबानं चार-चारचे आठ-नऊ गट होतात, आणि रोबोच्या पाठातल्या भूमिकाही चारच आहेत: यादी करणारा, वाचणारा, चालणारा, तपासनीस. फेरी झाली की भूमिका बदलायच्या, कारण यादी करणाऱ्यालाच सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं. जाळ्यासाठी चौघे चालतात आणि बाकीचे बसून पाहतात ही अडचण आहे. चार जाळी शेजारी शेजारी आखली, एकेका जाळ्यावर दोन गट पाळीपाळीनं ठेवले, आणि थांबलेल्या गटाला पुढची रांग कशी लागेल हे वहीत आधी लिहायला लावलं, तर तो वेळ वाया जात नाही. ज्या मुलाला चालणं कठीण आहे त्याच्यासाठी हेच जाळं बाकावर कागदाचं करून सोंगट्या सरकवता येतात, अल्गोरिदममध्ये काही कमी होत नाही.

मूल्यमापन मात्र बहुतेक पुस्तिकांत कच्चं आहे. ‘मुलांनी आनंदानं सहभाग घेतला’ एवढंच लिहून शिकणं कळत नाही. चालणं संपल्यावर दुसऱ्या दिवशी कागदावर तीन प्रश्न पुरेत. एक यादी द्या आणि रोबो कुठे थांबेल, तोंड कुठे असेल ते विचारा. एक चुकलेली यादी द्या आणि कोणतं एकच कार्ड बदलायचं ते विचारा. जाळ्याच्या पाच भेटी द्या आणि कोणत्या दोन आधी-नंतर केल्या तरी चालतील ते विचारा. पहिला प्रश्न जमला आणि दुसरा नाही, तर मुलाला यादी वाचता येते पण दुरुस्त करता येत नाही. त्याला आणखी एक तास फरशीवर द्यावा लागेल.

शरीराची मर्यादाही लवकर येते. आठ मुलांची बबल सॉर्टची रांग तिसऱ्या फेरीलाच कंटाळवाणी होते. अठ्ठावीस तुलना चालून दाखवण्यात काही मिळत नाही, पहिल्या दोन फेऱ्या चालाव्यात आणि पुढच्या मोजून काढाव्यात. बदलत जाणारी किंमत साठवणं, एका यादीनं दुसऱ्या यादीला बोलावणं या गोष्टी पावलांनी दाखवता येतात, पण तिथे नियम इतके वाढतात की मुलं नियमच पाठ करत बसतात. त्या टप्प्यावर पडद्याकडे वळावं. कधी वळायचं याची माझी खूण एकच आहे: गटानं दुसऱ्या गटाची चुकलेली यादी, कोणी न चालता, नुसती वाचून दुरुस्त केली, की त्या गटाला त्याच आठवड्यात स्क्रॅच उघडून द्यावं आणि पहिलं काम म्हणून तोच दोन घरांचा चौरस द्यावा, दोऱ्याच्या रिंगणाच्या जागी ‘पुन्हा करा’चा ठोकळा वापरून.